जुन्या सर्व्हरची बदली

सोमवारी सकाळी साडेनऊला एस.ई.चं प्रॅक्टिकल, त्यामुळे मेकॅनिकल विभागाच्या लॅबमधले जुने सर्व्हर हलवायला रविवारची रात्रच हाती होती. कॉलेजच्या सिस्टीम ॲडमिनने नवा मोठा सर्व्हर आधीच मांडून ठेवला होता. जुन्या प्रत्येक मशीनची डिस्क जशीच्या तशी उतरवून घ्यायची आणि ती नव्या सर्व्हरवर ‘व्हर्च्युअल मशीन’ म्हणून, म्हणजे सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या संगणकावर, चालवायची, असा बेत होता.

बाकीचे मुकाट्याने आले. अडला तो डिझाइनच्या सॉफ्टवेअरचं लायसन्स सांभाळणारा सेंटओएस ५ चा सर्व्हर. चालू डिस्कची नक्कल घेताना फायली बदलत राहतात, म्हणून ॲडमिनने तो पेन ड्राइव्हवरच्या लिनक्सने सुरू केला. ५०० जीबीची डिस्क गिगाबिट नेटवर्कवरून सव्वा तासात यायला हवी. पण मध्येच वेग कोसळला आणि डिस्कमधून कटकट आवाज येऊ लागला: खराब सेक्टर! मग `ddrescue` लावलं. ते आधी धड भाग उचलतं, अडलेल्या जागा नोंदवून ठेवतं आणि शेवटी त्यांच्याशी झटापट करतं. थोडे सेक्टर गेलेच. सुदैवाने ते जुन्या लॉगमधले निघाले.

पहाटे तीनला नवं मशीन सुरू केलं, तर पडद्यावर `Kernel panic`. डेटा शाबूत होता. सेंटओएस ५ सुरू होताना लागणारे ड्रायव्हर एका छोट्या फाइलमध्ये असतात आणि ती फाइल त्या-त्या मशीनच्या हार्डवेअरपुरतीच बनलेली असते. व्हर्च्युअल डिस्क ओळखणारा `virtio` त्यात नव्हताच. इन्स्टॉलेशन सीडीच्या रेस्क्यू मोडमधून ती फाइल नव्याने बनवली:

```
chroot /mnt/sysimage
mkinitrd -f --with=virtio_pci --with=virtio_blk \
  /boot/initrd-2.6.18-398.el5.img 2.6.18-398.el5
```

मशीन उठलं, पण नेटवर्क नाही. सेटिंगमध्ये जुन्या नेटवर्क कार्डाचा मॅक ॲड्रेस लिहिलेला होता. नवा दिसताच सिस्टीमने कार्ड नाकारलं. लायसन्सही त्याच ॲड्रेसला बांधलेलं. ॲडमिनने जुनाच ॲड्रेस व्हर्च्युअल कार्डाला दिला आणि दोन्ही अडचणी सुटल्या. हे सरसकट करू नये. काही लायसन्स व्हर्च्युअल मशीनवर चालवायला मनाई असते. इथे विक्रेत्याची लेखी परवानगी आधीच घेतलेली होती.

“सर, जुना भंगारात द्यायचा का?” लॅब असिस्टंटने सकाळी विचारलं. ॲडमिनने त्याची नेटवर्क केबल काढून ठेवली आणि सेमिस्टर संपेपर्यंत तो हलवायचा नाही, असं सांगितलं. एकाच ॲड्रेसची दोन मशीन नेटवर्कवर आली, तर दोन्ही आलटून पालटून गायब होतात.

प्रॅक्टिकल वेळेवर झालं. पण डिस्क नवी झाली तरी आतली सिस्टीम जुनीच आहे. सेंटओएस ५ चे सुरक्षा अपडेट ३१ मार्च २०१७ ला बंद झाले, म्हणून हे मशीन इंटरनेटपासून तोडून फक्त लॅबच्या नेटवर्कपुरतंच ठेवलं आहे.