प्रोफाइल गेलं कुठे?

शाळेतली एक मैत्रीण वर्षानुवर्षं फेसबुकवर आहे. एक दिवस तिचं नाव शोधलं तर काहीच येत नाही. जुन्या लिंकवर बोट ठेवलं तर कोरं पान आणि एक वाक्य: This content isn't available right now. तिने अकाउंट तात्पुरतं बंद केलं, कायमचं पुसलं, की आपल्याला ब्लॉक केलं? तीन अगदी वेगळ्या गोष्टी, पण पडद्यावर उत्तर एकच.

हे संगणकाचं अज्ञान नव्हे. सर्व्हरला खरं कारण पक्कं माहीत असतं. वेबच्या नियमांत ‘मनाई आहे’साठी 403, ‘सापडलं नाही’साठी 404 आणि ‘होतं, आता कायमचं गेलं’साठी 410 असे वेगवेगळे आकडे आहेत. गंमत म्हणजे, एखादी गोष्ट अस्तित्वात आहे हेच लपवायचं असेल तर सर्व्हरने 403च्या जागी खुशाल 404 द्यावा, अशी मुभाही त्याच नियमांत आहे. थोडक्यात, साळसूदपणे ‘मला नाही बुवा माहीत’ म्हणण्याची अधिकृत सोय! व्हॉट्सअॅप तर आपल्या मदतपानावर सांगूनच टाकतं की ब्लॉकच्या खुणा मुद्दाम संदिग्ध ठेवल्या आहेत, ब्लॉक करणाऱ्याच्या खासगीपणासाठी. उलट एक्सवर, म्हणजे जुन्या ट्विटरवर, ब्लॉक केल्याचं तोंडावर सांगितलं जातं. छळाला कंटाळून ब्लॉक करणाऱ्या माणसाचा विचार केला तर मला संदिग्धपणाच बरा वाटतो.

तरीही एक फट उरते, कारण या तीन गोष्टींची घडणच निराळी आहे. बंद असणं किंवा पुसलेलं असणं ही त्या अकाउंटची स्थिती झाली. ती सगळ्या जगासाठी सारखी. ब्लॉक मात्र दोन अकाउंटांमधला संबंध आहे. म्हणजे बघणारा बदलला की उत्तर बदलायला हवं. दोघींच्या ओळखीच्या तिसरीला तेच प्रोफाइल नीट दिसत असेल, तर अकाउंट जिवंत आहे आणि अडचण फक्त आपल्यापुरती आहे. बहुधा ब्लॉकच.

पण ही परीक्षा एकाच बाजूने खात्री देते. तिसरीला दिसलं, तर त्यातून काही सिद्ध होतं. दिसलं नाही, तर फारसं नाही. कदाचित तिलाही ब्लॉक केलं असेल. लॉगआउट करून पाहण्याचंही तसंच: बरीच प्रोफाइलं लॉगइनशिवाय उघडतच नाहीत, त्यामुळे तिथलं कोरं पान पुरावा ठरत नाही. शोधातही नावाऐवजी जुनी लिंक वापरलेली बरी, कारण लग्नानंतर आडनाव बदललेलं असू शकतं. आणि लिंकमधलं युजरनेम बदललं असेल तर लिंकही फसवते.

आता आपली स्वतःची मित्रयादी उघडा. फेसबुकवर ब्लॉक केलं की मैत्री त्याच क्षणी तुटते, नाव यादीतून जातं. अकाउंट तात्पुरतं बंद केलं तर मैत्री मोडत नाही आणि तिचं नाव आपल्या यादीत राहू शकतं. ते तिथे असेल आणि प्रोफाइल मात्र उघडत नसेल, तर संशयाचं पारडं ‘बंद’कडे झुकतं. शिवाय फेसबुक बंद करूनही मेसेंजर चालू ठेवता येतं. प्रोफाइल गायब असतानाही तिचं ताजं उत्तर आलं, तर प्रश्नच मिटला.

पुसलेल्या अकाउंटची खूण जुन्या संभाषणात सापडू शकते: नावाच्या जागी Facebook user असे निर्जीव शब्द येतात. पण तेही लगेच नाही. पुसण्याची विनंती केल्यावर 30 दिवसांची मुदत असते. तेवढ्यात ती पुन्हा लॉगइन झाली तर विनंती रद्द करून सगळं परत मिळवता येतं. मुदत संपल्यावरही साठवलेला सगळा मजकूर पुसून व्हायला 90 दिवसांपर्यंत वेळ लागू शकतो. त्या पहिल्या महिन्यात ‘बंद’ आणि ‘पुसलेलं’ यांतला फरक बाहेरून ओळखायला जागाच नाही. निर्णय अजून मागे घेता येतो, तिथे आपण काय ओळखणार?

खरा उलगडा कधीकधी प्रोफाइल परत आल्यावर होतो. नुसतं बंद केलेलं अकाउंट उघडलं की ती पूर्वीसारखीच आपल्या यादीतली मैत्रीण असते, जणू मधे काही घडलंच नाही. ब्लॉक काढला, तर मात्र तुटलेली मैत्री आपोआप जुळत नाही. जिथे इतकी वर्षं मैत्रीची खूण होती, तिथे Add Friend हे बटण दिसतं. अर्थात ब्लॉक न करता नुसतं यादीतून काढलं असेल तरी तेच बटण दिसेल, पण तसं असतं तर प्रोफाइल मधे गायब झालं नसतं.