दार गरम असेल तर उघडू नका

नोव्हेंबर 1980 मध्ये लास वेगासच्या एमजीएम ग्रँड हॉटेलला आग लागली आणि 85 माणसं गेली. आग तळाशी भडकली होती, पण बहुतेक बळी वरच्या मजल्यांवर, धुरामुळे गेले. खोलीच्या दारावर सूचना लिहिताना म्हणूनच पहिला विचार धुराचा करावा लागतो.

‘अग्निप्रसंगी उद्वाहनाचा वापर न करता नजीकच्या निर्गमन मार्गाने प्रस्थान करावे’ अशा धाटणीची वाक्यं घाबरलेल्या माणसाला दोनदा वाचावी लागतात. त्याऐवजी ‘लिफ्ट वापरू नका. जिन्याने उतरा.’ एवढं पुरतं. इंग्रजीतही ‘इव्हॅक्युएट द प्रिमायसेस’ नको, ‘लीव्ह द बिल्डिंग’ हवं. ते वाचणाऱ्या कित्येक पाहुण्यांची मातृभाषा इंग्रजी नसते.

मराठीत एक अडचण जास्तीची आहे. इंग्रजीत ‘डू नॉट’ वाक्याच्या सुरुवातीलाच येतं, आपलं ‘नका’ मात्र शेवटी. वाक्य लांबलं आणि ‘नका’ खालच्या ओळीत गेलं, तर घाईत नजर ‘लिफ्ट वापरू’वरच थांबू शकते. अशी सूचना एका ओळीत मावलीच पाहिजे.

खरा कस लागतो तो क्रम लावताना. समजा, खोली 304 आहे आणि जिना बाहेर पडल्यावर उजवीकडे, चौथं दार सोडून. सूचना अशी लिहिता येईल: ‘आधी तळहाताची मागची बाजू दाराला लावा. दार गरम असेल तर उघडू नका. गार असेल तर हळू उघडा. किल्ली सोबत घ्या. वाकून उजवीकडे चला. चार दारं मोजा. मग जिना.’ किल्लीचं वाक्य अनेकदा राहून जातं. पण पुढे धूर दाटलेला दिसला तर माणसाला खोलीतच परतावं लागतं, आणि दार तर मागे बंद झालेलं असतं. दारं मोजायला सांगायचं कारण म्हणजे धुरात पाट्या दिसत नाहीत, भिंतीवरून फिरणाऱ्या हाताला दार मात्र कळतं.

दार गरम असेल त्याच्यासाठी वेगळा भाग हवा: ‘ओला टॉवेल दाराखालच्या फटीत लावा. 101 किंवा 112 ला फोन करून खोली नंबर सांगा. खिडकीतून कापड हलवा.’

अनुवाद उत्तम झाला तरी एकच कागद सगळ्या दारांवर चिकटवला तर घात होतो. 304 च्या समोरच्या खोलीतून निघणाऱ्याला तोच जिना डावीकडे असतो. तिथे मजकूर बदलायला हवा आणि नकाशाही फिरवायला हवा.

छापण्याआधी, तो मजला न पाहिलेल्या एखाद्याला कागद एकदाच वाचायला द्यावा आणि मग डोळे मिटून भिंतीच्या आधाराने जिन्यापर्यंत जायला सांगावं. सोबत कुणीतरी राहावं. तो चुकीच्या दाराशी थांबला, तर मोजणी दोन्ही भाषांत दुरुस्त करावी. दुरुस्तीत एखादं दार बुजवलं गेलं, तरीही.