'प्रलंबित : निरंक' म्हणजे नेमकं काय?



"काम झालं का?" असं विचारलं की आपण मोबाईल पुढे करतो आणि म्हणतो, "हे बघा, पेंडिंग शून्य." समोरच्याचंही समाधान होतं. पण हे शून्य कोणी मोजलं आणि काय मोजून काढलं, हे आपण सहसा विचारत नाही. आमच्या गावच्या घरयादीच्या वेळी मला ते विचारावं लागलं. तोच प्रसंग आज सविस्तर सांगते.

शाळाबाह्य मुलांची माहिती घेण्यासाठी आम्ही वस्तीवरच्या ४६ घरांची यादी केली होती. केंद्रातल्या एका तंत्रस्नेही सरांनी कागदाऐवजी ओडीके कलेक्ट या मोफत ॲपवर फॉर्म बनवून दिला. वस्तीवर रेंज नसते, म्हणून हे ॲप सोयीचं. फॉर्म फोनमध्ये भरून ठेवायचे आणि रेंजमध्ये आल्यावर पाठवायचे. शाळेतल्या ज्येष्ठ बाईंनी आणि अंगणवाडीच्या ताईंनी घरं वाटून घेतली.

चार दिवसांनी सरांचा फोन आला, "मॅडम, माझ्याकडे ३९ घरंच दिसतात." बाईंनी लगेच फोन काढून दाखवला. `Ready to send` या ओळीत शून्य. बाई थोड्या रागावूनच म्हणाल्या, "माझ्याकडे काहीच बाकी नाही. ॲपच सांगतंय. मग सात घरं गेली कुठं?"

बाई खोटं बोलत नव्हत्या आणि ॲपही चुकत नव्हतं. त्या शून्याचा अर्थ मात्र आम्ही आमच्या मनाने मोठा केला होता.

जावक रजिस्टरवरून समजून घेऊ

बाईंना तांत्रिक भाषेत सांगून उपयोग नव्हता. म्हणून मी शाळेच्या कार्यालयाचंच उदाहरण घेतलं.

समजा, तुम्ही पंचायत समितीला पत्रं लिहिताय. अर्धवट लिहिलेलं पत्र तुमच्या खणात असतं. पूर्ण झालेलं, सही-शिक्क्याचं, पाकिटात घातलेलं पत्र टेबलावरच्या ट्रेमध्ये असतं. शिपाईमामा ट्रेमधली पाकिटं घेऊन जातात, पोच आणतात आणि जावक रजिस्टरला नोंद होते.

आता कोणी विचारलं, "ट्रेमध्ये काही आहे का?" आणि तुम्ही पाहून सांगितलं, "निरंक." उत्तर शंभर टक्के खरं आहे. पण खणात तीन अर्धवट पत्रं पडली असतील, तर ती या उत्तरात येत नाहीत, कारण प्रश्न ट्रेचा होता. जे पत्र लिहायला घेतलंच नाही, ते तर ट्रेमध्येही नाही आणि खणातही नाही.

ओडीके कलेक्टमध्ये नेमक्या याच तीन जागा आहेत. `Drafts` म्हणजे खण, `Ready to send` म्हणजे ट्रे आणि `Sent` म्हणजे जावक रजिस्टर. फॉर्मच्या शेवटी `Save as draft` दाबलं तर तो खणात जातो. `Finalize` दाबलं तरच ट्रेमध्ये येतो. ट्रेमधला फॉर्म पाठवल्यावर सर्व्हरकडून पोच आली, की मगच तो `Sent` मध्ये जातो. पोच आली नाही तर तो ट्रेमध्येच राहतो.

म्हणून `Ready to send` मधल्या शून्याचा अर्थ एवढाच : या फोनमधून पाठवायला काढलेले सगळे फॉर्म आत्तापर्यंत पोहोचले आहेत. ही काही छोटी गोष्ट नाही. रेंज नसलेल्या वस्तीवर एवढं खात्रीने कळणं मोलाचंच आहे. पण "४६ घरांचं काम झालं" असं ते शून्य म्हणत नाही. ४६ घरं आहेत हे त्या ॲपला माहीतच नाही. ती यादी आमच्या वहीत होती.

सात घरांचा हिशोब

मग आम्ही वही आणि दोन्ही फोन घेऊन बसलो.

बाईंच्या फोनमध्ये `Sent` मध्ये ३१ आणि `Ready to send` मध्ये शून्य. पण `Drafts` मध्ये ३ फॉर्म निघाले. ताईंच्या फोनमध्ये `Sent` मध्ये ८ आणि `Ready to send` मध्ये २. वस्तीवरून आल्यावर त्यांच्या फोनचा नेटपॅक संपला होता, म्हणून दोन फॉर्म ट्रेमध्येच थांबले होते. बाईंच्या फोनला ताईंच्या फोनमधलं काही दिसत नाही, त्यामुळे बाईंच्या शून्यात हे दोन येण्याचा प्रश्नच नव्हता.

३१ आणि ८ मिळून ३९. सरांचा आकडा जुळला. ३ खणातले आणि २ ट्रेमधले धरून झाले ४४. राहिली २ घरं. वहीतली नावं एकेक करून पाहिली, तेव्हा कळलं की त्या दोन घरांना कुलूप होतं, म्हणून त्यांचा फॉर्म कोणी उघडलाच नव्हता. एकूण ४६. हिशोब पूर्ण.

ताईंचे दोन फॉर्म शाळेच्या वायफायवर मिनिटभरात गेले. खरा मुद्दा उरलेल्या पाच घरांचा होता.

खणातले तीन फॉर्म अर्धवट का राहिले होते? एका घरी फक्त आजी होत्या आणि त्यांना नातवाची जन्मतारीख सांगता येईना. दुसऱ्या घरातली मुलगी मामाकडे शिकते म्हणाले, पण शाळेचं नाव कोणाला ठाऊक नव्हतं. तिसऱ्या घरचे आई-वडील वीटभट्टीवर गेले होते. हे प्रश्न फॉर्ममध्ये सक्तीचे ठेवलेले होते आणि सक्तीचं उत्तर रिकामं असेल तर फॉर्म `Finalize` होत नाही. म्हणून बाईंनी ते जपून ठेवले, "नंतर विचारू" म्हणून. कुलूप असलेली दोन घरं ऊसतोडीला गेलेल्यांची होती.

म्हणजे बघा, ज्या घरात सगळं सुरळीत, मूल रोज शाळेत येतं, कागदपत्रं हाताशी आहेत, त्यांचे फॉर्म झटपट ट्रेमध्ये आले आणि गेले. ज्या घरांसाठी ही यादी करायला घेतली होती, तीच घरं खणात राहिली किंवा कुठेच आली नाहीत. आणि अहवाल म्हणत होता : निरंक. तो तसाच मान्य केला असता, तर त्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची किंवा नातेवाइकांकडे राहण्याची सोय पाहायला कोणी गेलंच नसतं, कारण यादीत ती मुलंच नव्हती.

पोहोचलं म्हणजे बरोबर आहे, असंही नाही

पोचपावती म्हणजे मंजुरी नव्हे, हे आपल्याला कार्यालयीन अनुभवाने माहीत असतं. इथेही तसंच आहे. सर्व्हरकडच्या बाजूला, ओडीके सेंट्रलमध्ये, आलेला फॉर्म तपासणारा माणूस त्याला शेरा देऊ शकतो : ठीक असेल तर `Approved`, शंका असेल तर `Has issues`. आमच्या ३९ पैकी एका फॉर्मला सरांनी `Has issues` दिलं होतं. वय ८ लिहिलेलं आणि इयत्ता सातवी. बोट चुकलं असणार. पण बाईंच्या फोनमध्ये तो फॉर्म `Sent` मध्येच होता. फोनच्या दृष्टीने काम संपलं होतं, सरांच्या दृष्टीने बाकी होतं.

शून्य दिसलं की काय पाहायचं?

त्या दिवसापासून आम्ही एक साधी सवय लावून घेतली. शून्य पाहायच्या आधी वहीतला एकूण आकडा पाहायचा. मग सगळ्या फोनमधले गेलेले, ट्रेमधले, खणातले आणि न उघडलेले असे चार आकडे लिहायचे. चारांची बेरीज एकूण आकड्याएवढी आली, तरच हिशोब लागला. बेरीज कमी आली तर काहीतरी नजरेआड आहे. बेरीज जास्त आली तर एखाद्या घराचा फॉर्म दोनदा भरला गेलाय. आणि बेरीज जुळली तरी एकदा नावं लावून पाहायची. एक घर दोनदा आणि एक घर गायब असं झालं, तरी बेरीज जुळतेच!

अजून एक काळजी घ्या. खण आणि ट्रे दोन्ही फोनच्या आत असतात. "पेंडिंग शून्य आहे ना, मग काढून टाकू" म्हणून ॲप अनइन्स्टॉल केलं, तर खणातले अर्धवट फॉर्मही त्याच्यासोबत जातात. आधी `Drafts` उघडून पाहा, मगच काय ते करा.

पालकांसाठी हेच उदाहरण ईमेलचं. शाळेला मेल पाठवला म्हणता आणि शाळेला मिळत नाही. `Outbox` रिकामा असतो, म्हणून तुम्हाला वाटतं गेला. पण मेल `Drafts` मध्ये पडलेला असू शकतो, कारण पाठवायचं बटण दाबायचंच राहिलं. अशा वेळी `Outbox` रिकामा आहे का, हे न पाहता तो मेल `Sent` मध्ये दिसतो का, हे पाहावं. तिथे दिसला तरी पत्ता चुकला असेल तर थोड्या वेळाने 'पोहोचला नाही' असा मेल परत येतो. म्हणून इनबॉक्सवरही एक नजर टाकावी.

आता आमच्या शाळेतून निरंक अहवाल जातो, तेव्हा नुसतं 'प्रलंबित : निरंक' जात नाही. त्या घरयादीचा पुढच्या आठवड्यातला अहवाल असा होता : "एकूण घरे ४६. पोहोचलेले ४४. पाठवायचे बाकी ०. अर्धवट ०. न भेटलेली घरे २, कुटुंबे ऊसतोडीस गेली आहेत, मुले सोबत आहेत." खाली त्या दोन घरांची नावं आणि मुलांची वयं, शेजाऱ्यांकडून विचारून घेतलेली.

बाईंनीच तो अहवाल लिहिला. सही करताना म्हणाल्या, "आता हा निरंक नाही, पण खरा आहे."