पाणलोटाची हद्द आणि नाल्याची श्रेणी: गैरसमज आणि वस्तुस्थिती

माथा ते पायथा आराखडा करताना आता बहुतेक जण उपग्रहाचा उंचीचा नकाशा उतरवून घेतात. तासाभरात पडद्यावर पाणलोटाची हद्द दिसते, निळे नाले दिसतात, प्रत्येकाला श्रेणीचा आकडा लागतो. त्या आकड्यांवरून अनगड दगडी बांध, माती नाला बांध, सिमेंट नाला बांध यांच्या जागा ठरतात. म्हणून ते आकडे कसे तयार होतात, हे आधी पाहू.

सर्वाधिक वापरली जाणारी एसआरटीएमची माहिती अंतराळयानातल्या रडारने फेब्रुवारी २००० मध्ये टिपली. तिच्यात जमीन सुमारे ३० मीटर बाजूच्या चौकटींत विभागलेली असते आणि प्रत्येक चौकटीला पूर्ण मीटरमध्ये एक उंची दिलेली असते. म्हणजे एक चौकट ९०० चौरस मीटरची आणि एका हेक्टरात साधारण ११ चौकटी. नेहमीच्या पद्धतीत प्रत्येक चौकटीचे पाणी आठ शेजाऱ्यांपैकी सर्वात जास्त उताराच्या चौकटीकडे जाते असे धरतात. मग प्रत्येक ठिकाणी वरच्या किती चौकटींचे पाणी येते ते मोजतात. या मोजणीला संचय म्हणतात. हद्द आणि श्रेणी दोन्ही यातूनच निघतात.

नमुन्यादाखल एक गाव धरू. गावाखालच्या पुलाशी नाल्याला ५४० हेक्टरचे पाणी येते, म्हणजे संचय ६,००० चौकटी.

गैरसमज १: आराखडा गावाचा आहे, म्हणून उंचीचा नकाशा गावाच्या शिवेवर कापून घ्यावा.

वस्तुस्थिती: नकाशा कापला की शिवेपलीकडून येणारे पाणी मोजणीतून नाहीसे होते. आपल्या गावाच्या वरचे १८० हेक्टर शेजारच्या गावात असतील, तर पुलाशी संचय ६,००० ऐवजी ४,००० दिसेल. ३६० हेक्टर धरून काढलेला सांडवा मग एक तृतीयांश कमी पडेल. हे ओळखता येते. पाणलोटाची हद्द काही अंतर शिवेला तंतोतंत चिकटून चालली, तर पाणलोट तिथे कापला गेला आहे. ग्रास या प्रणालीत तर अशा चौकटींचा संचय उणे आकड्यात येतो:

```
r.watershed -s elevation=dem threshold=100 accumulation=acc drainage=dir stream=nale
```

`acc` मध्ये तुमच्या नाल्यावर उणे आकडे असतील, तर त्या नाल्याला नकाशाबाहेरून पाणी येण्याची शक्यता आहे. अशा वेळी वरच्या बाजूचा आणखी नकाशा घेऊन मोजणी पुन्हा करावी. शिवेची रेघ सगळ्यात शेवटी मारावी.

गैरसमज २: पुलाच्या जागेवर टिचकी मारली की पाणलोट बरोबरच येतो.

वस्तुस्थिती: टिचकी एक चौकट बाजूला पडली, तर बिंदू नाल्याऐवजी काठाच्या उतारावर जातो आणि ५४० हेक्टरऐवजी हेक्टर-दोन हेक्टरचा पट्टा हाती येतो. ही चूक निदान लगेच दिसते. धोका आहे तो बिंदू आपोआप नाल्यावर सरकवणाऱ्या सोयीत. शोधाचे अंतर ३०० मीटर ठेवले आणि पुलाखाली दोनशे मीटरवर दुसरा मोठा नाला येऊन मिळत असला, तर बिंदू संगमाखाली सरकतो. पाणलोट दुसऱ्या नाल्याचाही धरून येतो आणि नकाशा दिसायला मात्र अगदी बरोबर दिसतो. म्हणून हे अंतर एक-दोन चौकटींचे ठेवावे. बिंदू सरकण्याआधी आणि नंतर तो नेमका कुठे आहे, आणि तिथला संचय किती, हे दोन्ही पाहावे.

गैरसमज ३: नाल्याची श्रेणी हा नाल्याचा स्वतःचा गुण आहे.

वस्तुस्थिती: श्रेणी मोजण्याची स्ट्रॅलर यांची रीत सोपी आहे. उगमाची ओघळ पहिल्या श्रेणीची. पहिल्या श्रेणीच्या दोन ओघळी मिळाल्या की पुढे दुसरी. दुसरीला पहिली येऊन मिळाली, तर पुढेही दुसरीच. सगळी मोजणी उगमापासून सुरू होते, आणि पडद्यावर उगम कुठे धरायचा हे आपण दिलेल्या उंबरठ्यावर ठरते. वरच्या आज्ञेतला `threshold=100` म्हणजे १०० चौकटी, अर्थात ९ हेक्टरचे पाणी जमले की तिथून नाला सुरू.

आता आपल्या गावातली एक उपशाखा घ्या. तिचा पाणलोट १२० हेक्टर आहे. उंबरठा १,००० चौकटींचा, म्हणजे ९० हेक्टरचा ठेवला, तर ती पहिल्या श्रेणीची दिसेल. तोच १०० चौकटींवर आणला, तर वरच्या ओघळी उमटतील आणि त्याच जागी दुसरी किंवा तिसरी श्रेणी येईल. नाला तोच, पाणीही तेच, बदलला फक्त आकडा.

‘पहिल्या श्रेणीला अनगड दगडी बांध’ हा नियम पाठ असलेला माणूस पहिल्या नकाशावरून इथे दगड रचेल. पाण्याचा हिशेब करून पाहू. ताशी ८० मिलिमीटर पाऊस आणि त्यातले तीन दशांश पाणी वाहून जाते असे धरले, तर ०.३ × ८० × १२० ÷ ३६०, म्हणजे सेकंदाला ८ घनमीटर पाणी येते. नुसते रचलेले दगड या लोंढ्यापुढे टिकत नाहीत. नऊ हेक्टरच्या ओघळीत हाच हिशेब ०.६ घनमीटर येतो. एवढ्याशा ओघळीवर पाऊस आणखी जोराचा धरावा लागतो, तरी अनगड बांधाची खरी जागा तीच.

उंबरठा शिवारात ठरवावा. दोन्ही काठ स्पष्ट दिसू लागतात अशा आठ-दहा ओघळींच्या उगमांशी चालत जावे, जीपीएसवर जागा नोंदवाव्यात आणि तिथला संचय वाचावा. त्यातला मधला आकडा हा आपला उंबरठा. मुरमाड माळावर ओघळ लवकर सुरू होते, तर झाडोऱ्याच्या खोल मातीत उशिरा. त्यामुळे शेजारच्या तालुक्याचा आकडा उसना घेऊ नये.

गैरसमज ४: संगणकाने काढलेली हद्द सगळीकडे सारखीच विश्वासार्ह असते.

वस्तुस्थिती: कड्याच्या धारेवर ती विश्वासार्ह असते, सपाट पठारावर नसते. दख्खनच्या बसाल्टी पठारांवर पाचशे मीटरात दोन-तीन मीटरच उतार असू शकतो. रडारच्या मोजणीतली चूक त्याहून मोठी असते, शिवाय झाडांची उंचीही जमिनीत मिसळलेली असते. अशा ठिकाणी पडद्यावरचे नाले शेजारी-शेजारी सरळ समांतर रेघांत धावतात आणि हद्द काटकोनात पायऱ्या घेत जाते. ही खूण दिसली की तेवढा भाग लाल रंगाने दाखवावा आणि जोराच्या पावसात तिथे जाऊन पाणी कुठे वळते ते पाहावे. बांधावरच्या शेतकऱ्याला ते ठाऊक असतेच. कालवा आणि रस्त्याचा भरावही चौकटीत हरवतो. पाणी मात्र भरावाला अडून मोरीकडे वळते, म्हणून मोऱ्यांच्या जागा नोंदवून हद्द हाताने दुरुस्त करावी लागते.

याच कारणाने या नकाशावरून काढलेल्या समपातळी रेषांवर सलग समतल चर आखू नयेत. पडद्यावर रेषा कितीही गुळगुळीत दिसली, तरी मूळ उंची पूर्ण मीटरमध्येच आहे. चराचा तळ काही सेंटिमीटर चुकला, तरी पाणी एका टोकाला साचून तिथून फुटते. चराची आखणी हायड्रोमार्करने किंवा ए-फ्रेमनेच करावी.

नकाशा कोणता नाला आधी चालायचा आणि कुठे किती हेक्टरचे पाणी येईल, हे सांगतो. म्हणून आराखड्याच्या तक्त्यात प्रत्येक बांधापुढे श्रेणीबरोबर दोन आकडे लिहावेत: त्या जागेचा पाणलोट हेक्टरमध्ये, आणि श्रेणी काढताना धरलेला उंबरठा. ते लिहिलेले असले, तर तपासणाऱ्याला १२० हेक्टरच्या नाल्यावर ठरवलेला अनगड दगडी बांध दगड टाकण्याआधीच सापडेल.