लाली नव्हे, फुगवटा पाहा

दोन वर्षांचं मूल सर्दीनंतर तापलं, रात्रभर कान धरून रडलं. ओटोस्कोपच्या चित्रात पडदा लाल दिसला, की नवशिके डॉक्टर मध्यकर्णाचा तीव्र संसर्ग ठरवून मोकळे होतात. पण नुसत्या रडण्यानं किंवा तापानंही पडदा लाल होतो. खरी खूण फुगवट्याची. निरोगी पडदा मोत्यासारखा करडा, किंचित आत ओढलेला असतो. त्यावर हातोडी हाडाचा दांडा आणि खाली पुढच्या बाजूला प्रकाशाचा त्रिकोण दिसतो. मागे पू साठला की पडदा पिवळट, अपारदर्शक होऊन बाहेर फुगतो, दांडा झाकला जातो.

पहाटे याच मुलाचा कान वाहू लागला आणि दुखणं एकाएकी थांबलं, तर पडदा फुटल्याची दाट शक्यता. तरी चित्रात भोक दिसेलच असं नाही, कारण पू ते झाकतो. तो हलकेच टिपून पुन्हा पाहावं. जुनी भरलेली, पातळ जागाही भोकासारखी भासते. हवेच्या हलक्या दाबानं ती हलते. भोक अगदी वर किंवा कडेला असेल, पांढरे पापुद्रे दिसत असतील, तर मात्र कान-नाक-घसा तज्ज्ञांकडेच पाठवावं.