लाल गाठ: कुठली सोडावी, कुठली सोडू नये

बाळ जन्मलं तेव्हा अंग स्वच्छ होतं. दोनतीन आठवड्यांनी दंडावर फिकट लाल ठिपका दिसला आणि पुढच्या महिन्यात तो फुगून लालभडक, मऊ गाठ झाला. डॉक्टर याला हिमॅन्जिओमा म्हणतात, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या पेशींची साधी, कर्करोग नसलेली वाढ. मुलींमध्ये आणि अपुऱ्या दिवसांच्या बाळांमध्ये ती जास्त आढळते. आईने ग्रहण पाळलं नाही म्हणून हे झालं, असं घरात कोणी म्हणालं तर खुशाल दुर्लक्ष करावं.

गाठीची बहुतेक वाढ पहिल्या पाच महिन्यांत होते. वर्षाच्या सुमारास मधोमध राखाडी छटा येते आणि गाठ सपाट होऊ लागते. चौथ्या वर्षापर्यंत बहुतेक गाठी ओसरतात. काहींची सैल कातडी किंवा बारीक लाल रेषा तेवढ्या उरतात. दंडावर, पाठीवर लहानशी गाठ असेल, तर वाट पाहणं हाच उपचार.

वरच्या पापणीवर मात्र वाट पाहणं महागात पडतं. समजा, सहा आठवड्यांच्या मुलीच्या पापणीवर वाटाण्याएवढी गाठ आहे. डोळा उघडतो, बाहुलीही दिसते, म्हणून घरचे निर्धास्त असतात. पण गाठीच्या दाबाने बुबुळाचा पारदर्शक पडदा वाकडा होतो आणि त्या डोळ्याला धूसर दिसतं. मेंदू मग दुसऱ्याच डोळ्यावर विसंबतो. गाठ पुढे विरली तरी अधू झालेली नजर आपोआप परतत नाही. त्यामुळे अशा बाळाला महिन्याचं असतानाच डोळ्यांच्या आणि त्वचेच्या डॉक्टरांना दाखवावं.

यावरचं औषध योगायोगाने सापडलं. फ्रान्समधल्या बोर्दो इथे क्रिस्तीन लेओते-लाब्रेझ यांनी एका बाळाला हृदयाच्या त्रासासाठी प्रोप्रॅनोलॉल दिलं, तर त्याची गाठच मऊ पडली. हे निरीक्षण 2008 साली प्रसिद्ध झालं. आता वजनाच्या दर किलोमागे दिवसाला साधारण 2 ते 3 मिलिग्रॅम असं औषध किमान सहा महिने देतात. म्हणजे पाच किलोच्या बाळाला रोज 10 ते 15 मिलिग्रॅम, दोन वेळांत विभागून. सुरुवात त्याहून कमी मात्रेने. औषधाने रक्तातली साखर उतरू शकते, म्हणून ते दूध पाजतानाच द्यायचं. बाळ दूध पीत नसेल किंवा उलट्या होत असतील, तर तो डोस थांबवून डॉक्टरांना फोन करायचा. छातीत घरघर सुरू झाली तरी तसंच.

दुसरी धोक्याची जागा म्हणजे दाढी येते तो भाग: हनुवटी, जबडा, खालचा ओठ, गळा. इथे लाली पसरली असेल, तर तशीच गाठ आत श्वासनलिकेतही असू शकते. सुरुवातीला आवाज बसतो, श्वास घेताना कर्कश शीळ ऐकू येते आणि सर्दी-खोकला समजून औषधं चालू राहतात. त्यांनी आराम पडत नसेल, तर दुर्बिणीने घसा तपासायला सांगावं. श्वास घेताना छातीचा खळगा आत ओढला जात असेल, तर सकाळची वाट न बघता बाळाला थेट रुग्णालयात न्यावं.