नियम सर्वांत शेवटी : नववीतल्या घातांकांचा मागोवा

घातांकांचे नियम शिकवण्याचे दोन क्रम आहेत. एकात नियम आधी फळ्यावर येतो आणि त्याखाली उदाहरणे येतात. दुसऱ्यात नुसत्या संख्या मांडल्या जातात, त्यांतली संगती मुले शोधतात आणि नियम सर्वांत शेवटी, मुलांच्या शब्दांत लिहिला जातो. शाळांमध्ये पहिला क्रम फार काळ चालला. गणिताच्या इतिहासात मात्र हे नियम दुसऱ्याच क्रमाने सापडत गेले.

‘अनुयोगद्वारसूत्र’ या जैन ग्रंथात मनुष्यांची संख्या सांगताना दोनचा वर्ग, त्या वर्गाचा वर्ग असे चढत जाऊन सहावा वर्ग आणि पाचवा वर्ग यांचा गुणाकार घेतला आहे. आजच्या लेखनात तो 2⁶⁴ × 2³² होतो. ही संख्या दोनने शहाण्णव वेळा भागता येते, असेही तिथेच सांगितले आहे. म्हणजे 64 आणि 32 यांची बेरीज करण्याची जाण त्यात आहे, पण ती नियम म्हणून मांडलेली नाही. किती वेळा निम्मे करता येते, या मोजणीतून ती आली आहे. जर्मन गणितज्ञ मिखाएल श्टिफेल याने 1544 साली दोन ओळींचा तक्ता छापला. वरच्या ओळीत -3 पासून 6 पर्यंतचे आकडे आणि खाली एक अष्टमांशापासून 64 पर्यंतचे दोनचे घात. वर बेरीज केली की खाली गुणाकार मिळतो, हे त्याने तक्त्यावरच दाखवले. पुढे जॉन वॉलिसने 1656 मध्ये अशाच संगतींवरून ऋण आणि अपूर्णांकी घातांकांना अर्थ दिला. काही ओळी जुळल्या म्हणून पुढच्याही जुळतील असे मानण्याच्या त्याच्या रीतीवर फर्माने लगेच आक्षेप घेतला. तो आक्षेप आजच्या वर्गालाही लागू पडतो आणि पुढे त्याचा विचार करावाच लागतो.

पाठ्यपुस्तकापुरते पाहिले तर ऑयलरचे 1770 चे बीजगणित याबाबत फार पुढे होते. a चे घात उतरत्या क्रमाने लिहून दर पायरीला a ने भागत गेल्यास a⁰ हा 1 आणि a⁻¹ हा 1/a येतो, असे त्याने वाचकाला चालवत नेऊन दाखवले. अमेरिकेत वॉरन कोलबर्नने पेस्टालॉझीच्या विचारावरून 1825 मध्ये संपूर्ण बीजगणितच उदाहरणांकडून नियमाकडे जाणाऱ्या पद्धतीने लिहिले. पण शालेय पुस्तकांचा मुख्य प्रवाह व्याख्या, नियम, उदाहरणसंग्रह याच वाटेने गेला. मराठीत नवे गणित लिहू लागलेल्या पिढीपुढे इंग्रजीतली अशीच पुस्तके होती. आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या पोंभुर्ले गावचे बाळशास्त्री जांभेकर त्या पिढीतले. ते एल्फिन्स्टन संस्थेत गणित शिकवत आणि त्यांनी कलनगणितावर मराठीत ग्रंथ लिहिला. इतक्या लवकर उच्च गणित मराठीत आले ही मोठी गोष्ट होती, पण मांडणीचा क्रम बदलण्याची ती वेळ नव्हती.

2005 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने मुलाने ज्ञान स्वतः रचण्यावर भर दिला आणि त्यानंतर हा प्रश्न महाराष्ट्रात पुन्हा वर आला. बालभारतीच्या 2017 पासूनच्या नव्या पुस्तकांत कृती आणि चर्चेला जागा वाढली. तरी घातांकांच्या वाटणीत एक अडचण राहिलीच. पायाभूत नियम सातवीत येतात, परिमेय घातांक आणि घनमूळ आठवीत, आणि नववीत ‘वास्तव संख्या’ व ‘बहुपदी’ या प्रकरणांत ते येतात असे धरून पुढे जायचे असते. मालवण, देवगड, वेंगुर्ला या पट्ट्यात अनेक मुले सातवीपर्यंत गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकून आठवीला हायस्कुलात येतात. नियम एका शिक्षकाने एका शाळेत सांगितलेला असतो आणि त्याची गरज दुसऱ्याला दुसऱ्या शाळेत पडते. त्यामुळे नववीतल्या शोधाचा आरंभ कोऱ्या पाटीवर होत नाही. नियम कानावरून गेलेला असतो, पण त्यामागचे कारण हाती नसते.

हे चुकांवरून ओळखता येते. 2³ × 2⁴ याचे उत्तर कुणी 2¹² लिहितो, कुणी 4⁷. 5⁰ ला 0 आणि 2⁻³ ला -8 ही तर नेहमीची उत्तरे. सर्वांत बोलकी चूक 3² + 3³ = 3⁵ ही असते. ‘घातांकांची बेरीज करा’ एवढेच वाक्य लक्षात राहिले आणि ते गुणाकारासाठी आहे हे गळले, की असे होते. अशा वेळी नियम पुन्हा मोठ्याने सांगितल्याने काही हलत नाही. तेच वाक्य मुलाकडे आधीपासून असते.

म्हणून नववीत नियमाचे नावही न घेता तक्त्यापासून सुरुवात केली जाते. एका ओळीत 1 ते 12 आकडे, त्यांखाली 2, 4, 8, 16 असे दुप्पट करत 4096 पर्यंत. काम एकच दिलेले असते : गुणाकार न करता, फक्त तक्ता पाहून 8 × 32 सांगा. पहिल्यांदा मुले गुणाकार करूनच 256 काढतात आणि तो तक्त्यात शोधतात. 16 × 64 = 1024, 4 × 128 = 512 अशी पाच-सहा उदाहरणे झाली की कुणीतरी वरच्या ओळीकडे बघू लागते : 3 आणि 5 खाली 8 आणि 32, तर उत्तर 8 खाली. इथे उदाहरणांची निवड सांभाळावी लागते. 4 × 4 = 16 हे उदाहरण सुरुवातीला मुळीच द्यायचे नसते, कारण 2 आणि 2 यांची बेरीजही 4 आणि गुणाकारही 4. ज्याच्या मनात घातांकांच्या गुणाकाराचा समज आहे, त्याला त्यातून नेमका चुकीचा पुरावा मिळतो.

संगती सापडली की लगेच तिची हद्द तपासायची. 2³ + 2⁴ किती? 24. ही संख्या तक्त्यात नाहीच, म्हणजे बेरजेला ही वाट नाही. 2³ × 3² किती? 72, आणि तीही तक्त्यात नाही, म्हणजे पाया एकच हवा. हे दोन नकार नियमाइतकेच महत्त्वाचे आहेत, आणि नियम आधी सांगणाऱ्या धड्यात तेच नेमके राहून जातात. आता ‘असे का होते’ हा प्रश्न विचारता येतो. तीन दोन आणि पाच दोन एका रांगेत लिहून मोजले की आठ दोन होतात. तीनऐवजी m आणि पाचऐवजी n असले तरी मोजणी बदलत नाही. aᵐ × aⁿ = aᵐ⁺ⁿ हे आता फळ्यावर जाते. 4096 हीच संख्या 64², 16³ आणि 8⁴ अशी तीन प्रकारे मिळते, या निरीक्षणातून घाताच्या घाताचा नियम येतो, आणि 1024 ÷ 32 वरून भागाकाराचा.

खरी कसोटी तक्ता उलट दिशेने वाढवताना लागते. उजवीकडून डावीकडे प्रत्येक पायरीला निम्मे होते : 8, 4, 2. त्याच्या डावीकडे वरच्या ओळीत 0 आणि खाली 1, मग -1 खाली अर्धा, -2 खाली पाव. 5⁰ = 0 म्हणणारे मूल इथे स्वतःच थांबते, कारण 0 लिहिला तर त्याच्या दुपटीने 2 मिळत नाही. 2⁻³ ऋण नाही, लहान आहे, हेही दिसते. मात्र इथे शिक्षकाला एक भेद स्पष्ट करावाच लागतो. धन घातांकांचा नियम मोजणीतून सिद्ध झाला. शून्य वेळा किंवा उणे तीन वेळा गुणण्याला मोजणीचा अर्थ नाही. संगती टिकावी म्हणून गणितज्ञांनी तिथे व्याख्या निवडली आहे.

अपूर्णांकी घातांकावर वर्ग हमखास अडतो, आणि नववीला तो सर्वांत फलदायी भाग आहे. वरच्या ओळीत 0 आणि 1 यांच्या मधोमध अर्धा लिहिला तर खाली काय? खाली 1 आणि 2 आहेत, म्हणून बहुतेकांचे उत्तर 1.5. ते खोडून न काढता तपासायला सांगायचे : अर्धा अधिक अर्धा एक, म्हणजे ही संख्या स्वतःने गुणल्यावर 2 यायला हवी. 1.5 × 1.5 येते 2.25. मग 1.4 चा वर्ग 1.96. हळूहळू मुले √2 पाशी पोचतात, म्हणजे ‘वास्तव संख्या’ प्रकरणातल्या अपरिमेय संख्येपाशी. करणी हा वेगळा विषय वाटत होता, तो घातांकांतच येऊन मिळतो. सिंधुदुर्गातल्या लहान पटाच्या वर्गांत हे पाऊल जमते, कारण प्रत्येक वहीतला अंदाज पाहायला वेळ मिळतो. मोठ्या वर्गात मात्र पहिले उत्तर सांगणारा इतरांचा शोध संपवतो. तिथे अंदाज आधी लिहून घेऊन मगच बोलायला लावणे भाग असते.

नियम हाती आला का, हे पाहायला 2¹⁰ + 2¹⁰ हा एक प्रश्न पुरतो. 2²⁰ किंवा 4¹⁰ लिहिणाऱ्याला पुन्हा तक्त्याकडे न्यावे लागते; 1024 ची दुप्पट तक्त्यातले पुढचे घर, 2¹¹, हे ज्याला दिसते त्याचे काम झाले. दहाच्या पायासाठी समोरचा समुद्र पुरे. मालवणचे सागरी अभयारण्य सुमारे 29 चौरस किलोमीटरचे आहे. 1 चौरस किलोमीटर म्हणजे किती चौरस मीटर, याला नववीतही ‘हजार’ असे उत्तर येते. (10³)² लिहिल्यावर ते 10⁶ होते. म्हणून क्षेत्र 2.9 × 10⁷ चौरस मीटर. त्यावर एक मीटर पाऊस पडला तर 2.9 × 10⁷ घनमीटर पाणी, आणि घनमीटरला 10³ लिटर धरून 2.9 × 10¹⁰ लिटर.

राहिला फर्माचा आक्षेप. संगती म्हणजे सिद्धता नव्हे हे मुलांना उदाहरणाने कळते. n² + n + 41 यात n ला 0, 1, 2 अशा किमती दिल्या तर 39 पर्यंत दर वेळी मूळ संख्या मिळते, आणि n = 40 ला 1681, म्हणजे 41 चा वर्ग. घातांकांतही संगती काही ठिकाणी तुटते. 3⁰, 2⁰, 1⁰ या सगळ्यांचे उत्तर 1, म्हणून 0⁰ ही 1 असावे असे वाटते. 0³, 0², 0¹ या सगळ्यांचे 0, म्हणून 0⁰ ही 0 असावे असे वाटते. दोन संगती एकाच घरावर हक्क सांगतात, म्हणून a⁰ = 1 लिहिताना a शून्य नसावा ही अट येते. पाया ऋण असला तर अपूर्णांकी घातांकही फसतो. -8 चे घनमूळ -2 आहे. पण एक तृतीयांशऐवजी दोन षष्ठांश लिहून आधी वर्ग आणि मग सहावे मूळ काढले तर उत्तर 2 येते. परिमेय घातांकासाठी पाया धन घेण्याची अट पुस्तकात एका ओळीत असते; ती कशासाठी आहे, ते या दोन ओळींच्या आकडेमोडीत दिसते.